टायरच्या फोटोवरून चाकाचा बाहेरील व्यास मिलिमीटरमध्ये काढण्याची रीत

टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलवर, उठावाच्या अक्षरांत जो आकडा लिहिलेला असतो, त्यात चाकाचा पूर्ण बाहेरील व्यास कोठेही थेट छापलेला नसतो. तो तीन आकड्यांतून काढावा लागतो, आणि त्या तिन्ही आकड्यांची परिमाणे वेगवेगळी असतात: पहिला मिलिमीटरमध्ये, दुसरा टक्क्यांत आणि तिसरा इंचांत. गणित शाळेतल्या गुणाकार-बेरजेपलीकडे जात नाही. खरी अडचण त्याच्या आधीची आहे. फोटोत आकडा अर्धा चिखलाखाली, अर्धा सावलीत आणि कधी कधी चक्क उलटा दिसतो; एक आकडा चुकीचा वाचला गेला, तर उत्तर तेरा, पंधरा, अगदी पंचवीस मिलिमीटरनेही हुकते. म्हणून या लेखात हिशेबापेक्षा वाचनाला अधिक जागा दिली आहे.

पुढील सर्व चर्चेसाठी एकच प्रसंग धरू. कोल्हापुरात राहणाऱ्या मामांना गगनबावड्याहून भाच्याचा फोन येतो. घाटाच्या अलीकडे दगडाच्या धारेने गाडीच्या पुढच्या डाव्या टायरची बाजू फाटली आहे. बाजूच्या फाटीला पंक्चर काढून उपयोग नसतो, त्यामुळे स्टेपनी लावून तो परत निघाला आहे. गाडी नुकतीच जुनी घेतलेली, त्यामुळे टायरचे माप त्याला पाठ नाही. "मामा, फोटो टाकलाय, 165 आहे की 185 ते कळंना झालंय, तेवढं बघून दुकानात सांगून ठेवा," एवढे बोलून तो फोन ठेवतो. फोटोत पावसाळी चिखलाने माखलेला टायर आहे आणि अक्षरे अशी दिसतात:

```
1?5/65 R15 88H
```

प्रश्नचिन्हाच्या जागी चिखलाचा गोळा बसलेला आहे. त्याच्या कडेने डोकावणारा आकडा 6, 8 किंवा 9 यांपैकी काहीही असू शकतो.

फोटो सरळ करणे आणि योग्य ओळ शोधणे

टायरवरील लेखन गोलाकार फिरत जाते. टायरच्या वरच्या भागातील अक्षरे सरळ दिसतात, खालच्या भागातील तीच अक्षरे उलटी दिसतात. उलट्या फोटोत 65 हा आकडा 59 सारखा आणि 185 हा 581 सारखा वाचला जातो. त्यामुळे वाचायला बसण्यापूर्वी फोटो फिरवून R हे अक्षर उभे आणि सरळ होईल अशा स्थितीत आणावा. R उलटा किंवा आरशातल्यासारखा दिसत असेल, तर कोणताही आकडा टिपून ठेवू नये. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही वेळा डावे-उजवे बदलून साठवला जातो. असा फोटो कितीही फिरवला तरी सरळ होत नाही, तो आडवा पालटावा लागतो.

त्यानंतर योग्य ओळ कोणती हे ठरवावे. साइडवॉलवर आकड्यांची गर्दी असते. अंडाकृती चौकटीतील चार आकडे बहुधा निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, जसे की 2322 म्हणजे 2022 सालचा तेविसावा आठवडा. `MAX LOAD` या शब्दांपुढे किलोग्रॅम आणि पौंड यांतील भार असतो, `MAX PRESS` पुढे हवेचा कमाल दाब असतो, आणि `TREADWEAR` पुढे झिजेचा तुलनात्मक निर्देशांक असतो. मापाची ओळ ओळखण्याची खूण म्हणजे तिरपी रेघ: तीन आकडे, मग तिरपी रेघ, मग दोन आकडे, मग R, मग पुन्हा दोन आकडे. ही मांडणी मोटारीच्या टायरवर इतर कोठेही येत नाही, शिवाय ही अक्षरे इतर बारीक मजकुरापेक्षा ठळक असतात.

तीन आकड्यांचा अर्थ

पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ही रुंदी रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची नसून हवा भरलेल्या टायरच्या एका फुगीर बाजूपासून दुसऱ्या फुगीर बाजूपर्यंतची आहे. त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत नक्षीचा पट्टा मोजून हा आकडा तपासायला गेल्यास तो नेहमी कमी भरतो आणि विनाकारण शंका निर्माण होते.

दुसरा आकडा सर्वांत जास्त फसवतो. 65 म्हणजे 65 मिलिमीटर नव्हे. रिमपासून नक्षीच्या वरच्या टोकापर्यंत टायरची जी उंची असते, ती रुंदीच्या किती टक्के आहे, हे या आकड्यावरून समजते. म्हणून 185 रुंदीच्या टायरवरील 65 आणि 205 रुंदीच्या टायरवरील 65 यांची प्रत्यक्ष उंची सारखी नसते. टक्केवारी रुंदीची घ्यायची, रिमची नव्हे, एवढे पक्के ध्यानात राहिले तर या गणितातील निम्म्या चुका होतच नाहीत.

R म्हणजे रेडियल बांधणी, आतील दोऱ्यांची एक विशिष्ट रचना. त्याचा त्रिज्येशी काहीही संबंध नाही, आणि त्यापुढचा 15 हा आकडा दुप्पट करायचा नसतो. तो आधीच व्यास आहे. टायर रिमवर जेथे बसतो, त्या बैठकीचा तो इंचांतील व्यास होय. येथे टेपने मोजून पाहणाऱ्यांचा हमखास घोटाळा होतो. बाहेरून दिसणारी रिमची कड बैठकीपेक्षा प्रत्येक बाजूला सुमारे 17 मिलिमीटर उंच असते, त्यामुळे 15 इंची रिम कडेपासून कडेपर्यंत मोजली तर सव्वासोळा इंचांहूनही थोडी अधिक भरते. मोजणाऱ्याला वाटते की टायरवर चुकीचे लिहिले आहे किंवा रिम 16 इंची आहे. दोन्ही समज खरे नसतात. हिशेबात नेहमी टायरवर छापलेला आकडाच घ्यावा.

पुढील 88H व्यासाच्या सूत्रात येत नाही; 88 हा भाराचा निर्देशांक आणि H ही वेगाची श्रेणी आहे. तरीही फोटोत तो दिसत असेल तर तो कापून टाकू नये, कारण चिखलाखालचा आकडा सोडवायला पुढे तोच उपयोगी पडणार आहे.

न दिसणारा आकडा शोधणे

मोटारीच्या टायरच्या रुंदीचा शेवटचा आकडा 5 असतो: 145, 155, 165, 175, 185, 195, 205 अशी ती मालिका चालते. दुसरा आकडा 5 च्या पटीत असतो, जसे 55, 60, 65, 70, 80. म्हणून फोटोत 186 किंवा 63 दिसल्यासारखे वाटले, तर आपले वाचन चुकले आहे असे लगेच समजावे. 186 हा बहुधा 185 असतो आणि 63 हा 65. धूसर फोटोत 5 आणि 6, तसेच 3 आणि 8 यांची अदलाबदल सर्वाधिक होते.

आपल्या प्रसंगात मात्र मधला आकडा झाकलेला आहे आणि 165, 185, 195 या तिन्ही रुंदी मालिकेत बसतात. 175 चा प्रश्न येत नाही, कारण चिखलाच्या कडेने डोकावणारी रेषा वळणदार आहे आणि 7 ला तशी गोलाई नसते. आता 88 कडे पाहू. टायर जितका मोठा, तितकी त्यात हवा जास्त आणि तितका तो जास्त भार पेलतो, म्हणून प्रत्येक मापाबरोबर येणारा भार-निर्देशांक जवळजवळ ठरलेला असतो. 165/65 R15 वर साधारणपणे 81 असतो, 185/65 R15 वर 88 आणि 195/65 R15 वर 91. फोटोत 88 स्पष्ट दिसत असल्यामुळे झाकलेला आकडा 8 आहे, असा निष्कर्ष निघतो. अधिक मजबूत बांधणीच्या, `XL` असे लिहिलेल्या टायरवर याच मापाला याहून मोठा निर्देशांक असतो, त्यामुळे मापाच्या ओळीजवळ `XL` आहे का, हे पाहूनच ही ताडणी करावी.

या निष्कर्षाला फोटोतच दुसरा आधार मिळू शकतो. 88 या निर्देशांकाचा अर्थ एका टायरवर 560 किलोग्रॅम भार असा आहे, आणि 81 चा अर्थ 462 किलोग्रॅम. फोटोच्या कोपऱ्यात `MAX LOAD 560 KG` असे दिसले, तर 88 हा आकडाही बरोबर वाचला गेला याची खात्री होते. एकाच टायरवर दोन वेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या, की त्या वाचनावर निर्धास्तपणे विसंबता येते. नुसते डोळे बारीक करून पाहण्यापेक्षा ही रीत मला कितीतरी अधिक भरवशाची वाटते.

तिसरा आधार गाडीवरच असतो. बहुतेक गाड्यांत चालकाचा दरवाजा उघडल्यावर मधल्या खांबावर हवेच्या दाबाचे स्टिकर दिसते आणि त्यावर कंपनीने ठरवलेले टायरचे माप छापलेले असते. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने माप बदललेले असू शकते, म्हणून स्टिकरवरून फोटो वाचू नये. फोटोवरून आलेले उत्तर स्टिकरशी ताडून पाहावे. शिवाय एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी स्टिकरवर एकाहून अधिक मापे छापलेली आढळतात.

आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे शक्य असेल तर दुसरा फोटो मागवावा. काळ्यावर काळी अक्षरे फोनच्या फ्लॅशसमोर सपाट होऊन नाहीशी होतात. ओल्या फडक्याने अक्षरे पुसावीत, टायर कोरडा होऊ द्यावा, त्यावर पांढरा खडू आडवा धरून हलकेच घासावा, आणि फ्लॅश बंद ठेवून दुसऱ्या फोनच्या टॉर्चचा उजेड बाजूने तिरपा पाडावा. खडू फक्त उठावावर लागतो, त्यामुळे मिनिटाभरात 185 असा पांढरा आकडा उमटून येतो. कॅमेरा टायरच्या अगदी समोर धरावा आणि रुंदीच्या पहिल्या आकड्यापासून वेगाच्या अक्षरापर्यंतची सारी ओळ चौकटीत घ्यावी.

हिशेब

रुंदीला W, टक्केवारीला A आणि रिमच्या इंचांना d म्हटले, तर बाहेरील व्यास D असा मिळतो:

```
D = 2 × (W × A / 100) + 25.4 × d
```

एक इंच म्हणजे नेमके 25.4 मिलिमीटर, म्हणून तिसऱ्या आकड्याला 25.4 ने गुणायचे. टायरची उंची दुप्पट का करायची, हे चाक उभे कल्पिले की लगेच पटते: जमिनीपासून वर जाताना आधी टायरचा खालचा भाग लागतो, मग रिम, आणि मग पुन्हा टायरचा वरचा भाग. रिम एकदाच येते, टायर दोनदा येतो.

भाच्याच्या टायरसाठी 185 चे 65 टक्के म्हणजे 120.25 मिलिमीटर ही एका बाजूची उंची झाली. तिची दुप्पट 240.5 मिलिमीटर. रिमचे 15 इंच गुणिले 25.4 म्हणजे 381 मिलिमीटर. दोन्हींची बेरीज 621.5 मिलिमीटर, आणि हाच चाकाचा बाहेरील व्यास.

सोयीसाठी 25.4 ऐवजी 25 घेण्याचा मोह टाळावा, कारण 15 इंची रिमवर तेवढ्यानेच 6 मिलिमीटरची घट येते. उत्तर हाती आल्यावर ते पटण्याजोगे आहे का, हेही पाहावे. आपल्याकडच्या लहान मोटारीच्या 145/80 R12 या टायरचा व्यास 536.8 मिलिमीटर येतो, तर मोठ्या एसयूव्हीच्या 235/60 R18 चा 739.2 मिलिमीटर. मोटारीचे उत्तर या टप्प्याच्या बरेच बाहेर गेले, तर चूक बहुधा ठरावीक ठिकाणी सापडते. दुप्पट करायचे विसरल्यास आपल्या उदाहरणात 501.25 येते, 65 ला मिलिमीटर समजल्यास 511 येते, आणि R चा अर्थ त्रिज्या धरून 15 दुप्पट केल्यास 1002.5 येते, म्हणजे चाक कमरेएवढे होते.

आता झाकलेला आकडा चुकीचा वाचला असता तर काय झाले असते, ते पाहू. 165/65 R15 चा व्यास 595.5 मिलिमीटर आणि 195/65 R15 चा 634.5 मिलिमीटर येतो. पहिल्या चुकीत नवा टायर शेजारच्या टायरपेक्षा 26 मिलिमीटरने, म्हणजे सुमारे 4.2 टक्क्यांनी लहान ठरला असता. पुढच्या दोन चाकांत एवढा फरक असताना सरळ रस्त्यावरही लहान चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात, गाडी एका बाजूला ओढते, डिफरेन्शियल सतत काम करत राहते आणि एबीएसच्या सेन्सरना दोन चाकांचे वेग वेगळे भासतात. साधारण अंदाज ठेवायचा झाल्यास, या मापाजवळ रुंदीत 10 ची चूक झाली तर व्यासात 13 मिलिमीटरचा फरक पडतो, टक्केवारीत 5 ची चूक झाली तर 18.5 मिलिमीटरचा, आणि रिममध्ये एका इंचाची चूक झाली तर 25.4 मिलिमीटरचा.

याच हिशेबाने वेगळ्या दिसणाऱ्या मापांची जवळीकही कळते. 2018 नंतरच्या स्विफ्टच्या खालच्या आवृत्त्यांना 165/80 R14 आणि वरच्या आवृत्तीला 185/65 R15 हे टायर येत. तिन्ही आकडे वेगळे आहेत, तरी पहिल्याचा व्यास 619.6 मिलिमीटर येतो आणि दुसऱ्याचा 621.5, म्हणजे फरक जेमतेम 1.9 मिलिमीटरचा. रिम मोठी झाली की टायरची उंची कमी करून कंपनी एकूण व्यास राखते, कारण वेगदर्शकाचा आणि गिअरचा सारा हिशेब त्या व्यासावर बसवलेला असतो. मोठी रिम बसवू पाहणाऱ्याने हीच कसोटी लावावी: 195/55 R16 चा व्यास 620.9 मिलिमीटर येतो, म्हणजे मूळच्या 621.5 ला तो अगदी जवळ आहे. व्यासातील फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवावा आणि भाराचा निर्देशांक मूळच्यापेक्षा खाली जाऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेपने मोजल्यावर उत्तर का जुळत नाही

सूत्रातून येणारा व्यास नव्या, हवा भरलेल्या आणि भार नसलेल्या टायरचा असतो. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल धरली आणि ती झिजून 1.6 मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आली, तर व्यास सुमारे 13 मिलिमीटरने कमी होतो. गाडीखालचा टायर जमिनीशी दबलेला असतो, त्यामुळे जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंतची उंची मोजून दुप्पट केली तर 621.5 कधीच मिळत नाही.

ज्यांना उत्तर पडताळायचेच आहे त्यांनी स्टेपनी बाहेर काढून, आधी तिच्यावरचे माप वाचून, ती भिंतीला टेकवून उभी करावी, वरून एक सरळ फळी आडवी धरून जमिनीपासूनची उंची मोजावी. स्टेपनीचे माप आधी वाचायचे कारण असे की काही गाड्यांत ती चारही चाकांपेक्षा वेगळ्या मापाची असते. उद्यमनगरात एखाद्या कारखान्यात ओळख असेल, तर गुण्या आणि मोठी पट्टी वापरून हे काम मिलिमीटरच्या आत होते.

दुसरी रीत चाक फिरवून पाहण्याची आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर टायर जेथे जमिनीला टेकतो तेथे टायरवर आणि रस्त्यावर खडूने खूण करावी, चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत गाडी हळूच ढकलावी आणि दोन खुणांतील अंतर मोजावे. 621.5 ला 3.1416 ने गुणले तर सुमारे 1952 मिलिमीटर येतात, प्रत्यक्षात मात्र अंतर 1.90 मीटरच्या आसपास भरते. भाराखाली दबलेला रेडियल टायर एका फेऱ्यात व्यासाच्या साधारण 3.05 पट अंतर कापतो, म्हणून हा फरक येतो. अशा वेळी मोजलेले अंतर 3.1416 ऐवजी 3.05 ने भागावे. 621 च्या जवळपास उत्तर आले, तर फोटोवरचे वाचन बरोबर आहे.

सूत्र जेथे चालते आणि जेथे चालत नाही

दुचाकीच्या टायरवर मालिका वेगळी असते. तेथे रुंदीच्या शेवटी बहुधा 0 येतो आणि R च्या जागी आडवी रेघ असू शकते. तिरपी रेघ असेपर्यंत सूत्र तेच राहते. स्कूटरच्या 90/100-10 या टायरमध्ये उंची रुंदीच्या 100 टक्के आहे, म्हणून दुप्पट उंची 180 आणि रिम 254, अशी बेरीज 434 मिलिमीटर येते.

तिरपी रेघच नसेल तर थांबावे. मोटारसायकलच्या 2.75-18 मध्ये रुंदी इंचांत आहे आणि टक्केवारी लिहिलेलीच नाही. उंची रुंदीएवढी धरून 596.9 मिलिमीटर हे उत्तर निघते, पण ते अंदाजाचे समजावे. उसाच्या ट्रॉलीवरील 9.00-16 किंवा ट्रॅक्टरच्या मागील चाकावरील 13.6-28 यांच्या बाबतीत तर असा अंदाजही करू नये, कारण तेथे उंचीचे रुंदीशी प्रमाण छापलेले नसते आणि नक्षीची खोलीही बरीच असते. त्या टायरांचा बाहेरील व्यास टायर कंपनीच्या तक्त्यात मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. दुकानदाराकडे तो तक्ता मागावा आणि त्यातील आकडाच घ्यावा.